एका रात्रीत गेलेले चौदाशे फॉलोअर्स नक्की कोण होते?

प्रश्न: आमचं लक्ष्मी रोडजवळ हातमागाच्या साड्यांचं छोटं दुकान आहे. काल रात्री इन्स्टाग्रामवर २४,९१२ फॉलोअर्स होते, आज सकाळी २३,४८६. आम्ही कधीच फॉलोअर्स विकत घेतलेले नाहीत. मागच्या वर्षी चार महिने एका मुलाला पेज सांभाळायला दिलं होतं, पण तोही नाही म्हणतो. कोणी म्हणतं इन्स्टाग्रामने खोटी खाती काढली, कोणी म्हणतं आमचं पेज दाबलंय. ग्राहक खरंच सोडून गेले का, हे कळायचा काही मार्ग आहे का? आणि गेलेले परत आणता येतात का?

उत्तर:

मार्ग आहे. एक संध्याकाळ बसावं लागेल, पण त्याला पैसे लागत नाहीत आणि कुणाला पासवर्डही द्यावा लागत नाही. मी गेली चौदा वर्षं पुण्यातल्या लहान व्यवसायांची इन्स्टाग्राम आणि फेसबुकची पेजेस सांभाळते. असा सकाळचा घाबरलेला फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. तुमचं पेज मी पाहिलेलं नाही, तरी एवढं सांगते की ग्राहक कंटाळून जातात तेव्हा ते असे एकत्र, एका रात्रीत जात नाहीत. रोज पाच जातात, दहा जातात, आणि नवे येत असल्याने ते आपल्या लक्षातही येत नाही. एखाद्या पोस्टवरून लोक खवळले तर मात्र एका दिवसात हजार जाऊ शकतात, पण तेव्हा कमेंट आणि मेसेजमध्ये त्याचा राग दिसतोच. तुमच्याकडे असं काही झालं असतं तर ते तुम्ही प्रश्नात लिहिलंच असतं.

आधी तो आकडा म्हणजे काय ते समजून घेऊ. तुम्ही पेज उघडता तेव्हा इन्स्टाग्राम तुमचे चोवीस हजार लोक नव्याने मोजत नाही. एक बेरीज तयार ठेवलेली असते. कोणी आलं की एक वाढतो, कोणी गेलं की एक घटतो. खातं बंद पडणं आणि ते खातं तुमच्या बेरजेतून वजा होणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात बराच काळ जाऊ शकतो. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामवर जी मोठी साफसफाई झाली ती नेमकी अशी होती. स्पॅम खाती त्यांनी आधीच निष्क्रिय केली होती, पण ती लोकांच्या फॉलोअर्समध्ये मोजली जात राहिली होती. ती बेरजेतून काढली तेव्हा इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या अधिकृत खात्याचे १ कोटी ८० लाखांहून जास्त फॉलोअर्स गेले. जुलै २०१८ मध्ये ट्विटरनेही तेच केलं. संशयावरून कुलूप लावलेली खाती ट्वीट करू शकत नव्हती, तरी फॉलोअर म्हणून मोजली जात होती. ती वजा होतील असं कंपनीने आधी जाहीर केलं, एकूण फॉलोअर संख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटेल असं सांगितलं, आणि बहुतेक लोकांचे चार किंवा त्याहून कमीच जातील हेही सांगितलं. दोन्ही वेळा माणसं हादरली ती आकडा उतरला त्या दिवशी, पण ती खाती त्याच्या कितीतरी आधीच निर्जीव झाली होती.

म्हणून अशा फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, गेलेली खाती तुमच्याकडे आली कधी होती? ती कधी गेली याच्यापेक्षा ही तारीख जास्त बोलते.

खोटी खाती एकेक करून पकडली जात नाहीत. ती गठ्ठ्याने तयार होतात, त्यामुळे त्यांच्या खुणाही सारख्या असतात. एकाच फोनवरून किंवा एकाच इंटरनेट जोडणीवरून उघडलेली शेकडो खाती, तासाला ठरावीक वेगाने फॉलो करणं, तीच ती कमेंट, कधीही कुणाशी दुतर्फी बोलणं नाही. अशा खात्याला प्लॅटफॉर्म आधी अडवतो. फोन नंबरवर आलेला कोड टाका, चित्रातली अक्षरं ओळखा, कधी चेहऱ्याचा व्हिडिओ द्या असं सांगतो. खरा माणूस कुरकुरत का होईना ते करतो. ज्या खात्यामागे माणूसच नाही ते तिथेच अडकतं आणि पुढे बंद होतं. ही कारवाई लाटांनी होताना दिसते आणि त्यामागचं कारण सरळ आहे. पकडलं गेलेलं प्रत्येक खातं लगेच बंद केलं तर बनवणाऱ्याला आपलं कुठे चुकलं ते कळतं आणि तो पद्धत बदलतो. सगळा गठ्ठा एकदम गेला की त्याला अंदाज करणं अवघड होतं.

नुसती न वापरलेली खाती हा वेगळा प्रकार आहे. दीर्घकाळ न वापरलेलं खातं कायमचं काढलं जाऊ शकतं असं इन्स्टाग्रामच्या नियमांत आहे. गूगलने २०२३ मध्ये दोन वर्षांची मर्यादा घातली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून अशी खाती पुसायला सुरुवात केली, तेव्हा यूट्यूबवाल्यांनाही असेच फोन करावेसे वाटले असतील. पण फक्त दिवाळीत इन्स्टाग्राम उघडणारी तुमची मावशी या लाटेत जात नाही. एका रात्रीत चौदाशे गेले तर माझा संशय आधी बनावट खात्यांवर जातो.

‘आम्ही विकत घेतलेच नाहीत’ हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. विकत न घेताही बनावट खाती येतात. फॉलोअर विकणाऱ्यांना आपली खाती खऱ्या माणसासारखी दिसायला हवी असतात, म्हणून ती खाती पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबर शेकडो निरपराध पेजेसनाही फॉलो करतात. साड्या, दागिने, मेकअप, खाणं अशा लोकप्रिय विषयांची पेजेस त्यांना सोयीची पडतात. दुसरा दरवाजा म्हणजे बक्षिसांच्या स्पर्धा. तिसरा दरवाजा, पेज सांभाळणाऱ्याने तुमच्या नकळत केलेली खरेदी. या तिन्ही दरवाजांतून आलेल्यांच्या तारखा वेगवेगळ्या दिसतात. एक प्रत्यक्ष उदाहरण सांगते.

कोथरूडमधल्या एक काकू भाजणी, मेतकूट, चटण्या आणि दिवाळीचा फराळ विकतात. मी त्यांचं पेज पाहते. २०२३ च्या गणेशोत्सवात, मी त्यांच्याकडे यायच्या आधी, त्यांनी आणखी तीन पेजेसबरोबर गिव्हअवे केला होता. चारही पेजेस फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, सोडतीत नाव आलं तर फराळाचा डबा आणि चांदीचं नाणं. सहा दिवसांत पेज भराभर वाढलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात दोन महिने त्यांनी एका एजन्सीला महिना सहा हजार रुपये दिले. ‘ऑरगॅनिक ग्रोथ’, म्हणजे विकत न घेता होणारी खरी वाढ, करून देतो असं त्या लोकांनी सांगितलं होतं आणि पासवर्ड घेतला होता. गिव्हअवेनंतर दीड वर्षाने एका सकाळी काकूंचे अकराशेच्या आसपास फॉलोअर्स कमी झाले. काकूंना रडू यायचं बाकी होतं. चटणीत तेल जास्त झालं म्हणून लोक गेले असतील, असं त्यांना वाटत होतं.

मी आधी इन्साइट्स, म्हणजे पेजच्या आकडेवारीचं पान, उघडलं. तिथे ‘अनफॉलो’चा एक उंच सुळका दिसत होता आणि त्यानेच काकू घाबरल्या होत्या. इथे नेहमी फसगत होते. ज्यांनी अनफॉलो केलं आणि ज्यांचं खातंच इन्स्टाग्रामवरून गेलं, अशा दोघांना इन्साइट्स एकाच आकड्यात मोजतं. तो आकडा वेगळा करून दाखवायची सोय नाही. शिवाय इन्साइट्स फार तर मागच्या नव्वद दिवसांचं दाखवतं. म्हणजे सुळक्यावरून काहीतरी झालं एवढंच कळतं, कोण गेलं ते कळत नाही.

ते कळतं तुमच्याच माहितीच्या फाइलमधून. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये Accounts Center मध्ये जा, तिथे Your information and permissions मध्ये स्वतःची माहिती डाउनलोड करायची सोय आहे. सगळं मागवू नका, फक्त Followers and following निवडा. प्रकार JSON ठेवा. आणि कालावधी All time ठेवायला विसरू नका. तिथे ‘मागचं वर्ष’ निवडलं तर फक्त त्या वर्षात आलेल्यांचीच नावं मिळतात आणि उरलेले सगळे गेले असं वाटून माणूस उगाच हाय खातो. थोड्या वेळाने फाइल तयार झाल्याचा निरोप येतो. आत followers_1.json नावाची फाइल असते, पेज मोठं असेल तर पुढच्या क्रमांकांच्याही असतात. तिच्यात प्रत्येक फॉलोअरचं नाव असतं आणि त्याने तुम्हाला फॉलो केलं तो क्षण सेकंदापर्यंत नोंदलेला असतो.

मी सांभाळते त्या प्रत्येक पेजची ही फाइल दर महिन्याच्या १ तारखेला काढून ठेवते. म्हणून काकूंची १ तारखेची जुनी यादी हाताशी होती. पडझडीनंतर १२ तारखेला नवी काढली. दोन्ही फाइल juni आणि navi अशा दोन फोल्डरांत ठेवल्या आणि पायथनमधला हा छोटा प्रोग्राम चालवला:

```python
import json, glob
from datetime import datetime

def yadi(folder):
    d = {}
    for f in glob.glob(folder + "/followers_*.json"):
        for x in json.load(open(f, encoding="utf-8")):
            s = x["string_list_data"][0]
            d[s["value"]] = s["timestamp"]
    return d

juni, navi = yadi("juni"), yadi("navi")
for nav in sorted(juni.keys() - navi.keys(), key=juni.get):
    print(datetime.fromtimestamp(juni[nav]), nav)
```

जुन्या यादीत आहेत पण नव्यात नाहीत अशी नावं, ती कधी आली त्या क्रमाने, एवढंच हे छापतं. सगळं तुमच्या संगणकावर होतं, बाहेर काही जात नाही. तुम्हाला जमत नसेल तर ओळखीच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला सांगा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे. ‘कोणी अनफॉलो केलं ते पाहा’ अशी अॅप मात्र वापरू नका. त्यांतली बरीचशी तुमचा पासवर्ड मागतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने अशा बाहेरच्या अॅपमधून होणारे खोटे लाइक, फॉलो आणि कमेंट काढायला सुरुवात केली, तेव्हा ती अॅप वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. तुमच्या पासवर्डवर चालणारं अॅप तुमच्याच खात्यातून इतरांना फॉलो करत सुटतं, आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत खोटं खातं तुम्ही ठरता.

काकूंच्या जुन्या यादीत ११,८४२ नावं होती, नव्या यादीत १०,७५१. गायब झालेली नावं १,१६३ निघाली आणि नव्याने दिसणारी ७२. तारखा पाहिल्या आणि चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या १,१६३ पैकी ८७१ जण १९ ते २४ सप्टेंबर २०२३ या सहा दिवसांत आलेले होते, म्हणजे गणेश चतुर्थीपासूनच्या गिव्हअवेचे दिवस. २०४ जण एजन्सीच्या दोन महिन्यांतले होते. आणि उरलेले फक्त ८८ सगळ्या वर्षांत विखुरलेले होते. ग्राहक चटणीवर नाराज झाले असते तर ते असे सहा दिवसांचे निवडून गेले नसते.

एजन्सीच्या २०४ नावांच्या वेळा पाहून मला खरंच राग आला. बहुतेक जण रात्री दोन ते चारच्या दरम्यान आलेले, काही काही सेकंदांच्या अंतराने, एका रात्रीत तीस-चाळीस. कोथरूडची भाजणी बघायला रात्री तीन वाजता रांगेने माणसं येत नाहीत. काकूंनी दिलेल्या पैशांतून काही फॉलोअर्स सरळ विकत आणले होते, आणि काकू आजवर माझ्यापुढे शपथेवर सांगत होत्या की आम्ही विकत घेतले नाहीत. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं.

गिव्हअवेची गोष्ट वेगळी आहे. तिथे काकूंनी काही चुकीचं केलं नव्हतं. पण अशा स्पर्धांमागे फिरणारी माणसं जास्त चिठ्ठ्या पडाव्यात म्हणून पाच-पाच, दहा-दहा खाती उघडतात, आणि बक्षिसांच्या हॅशटॅगवर पाळत ठेवणारी आपोआप चालणारी खातीही तिथे येतात. सोडत झाली की ती खाती तशीच पडून राहतात. याचा एक पुरावा त्या जुन्या पोस्टवरच मिळाला. काकूंनी तेव्हा कौतुकाने काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तिच्यावर २,३१० कमेंट होत्या, आता १,६९० उरल्या होत्या. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणूस अनफॉलो करतो तेव्हा त्याचे जुने लाइक आणि कमेंट जागच्या जागी राहतात. खातंच बंद होतं तेव्हा ते सगळे त्याच्याबरोबर जातात. मात्र ही खूण उलट बाजूने वापरू नका. विकत आणलेल्या फॉलोअर्सपैकी बरेच कधीच लाइक करत नाहीत, त्यामुळे जुने लाइक घटले नाहीत म्हणून खाती खरी होती असं ठरत नाही.

मग नावं तपासली. गिव्हअवेच्या गटातली चाळीस नावं मधून मधून उचलली आणि एकेक प्रोफाइल उघडलं. सदतीस ठिकाणी Sorry, this page isn't available. एवढंच आलं. तीन उघडली, म्हणजे त्या तिघांनी खरोखर अनफॉलो केलं होतं. पान न उघडण्याला तीन कारणं असू शकतात. खातं गेलेलं असेल, त्याने तुम्हाला ब्लॉक केलेलं असेल, किंवा त्याने आपलं नाव बदललेलं असेल. ब्लॉकची शंका दुसऱ्याच्या खात्यातून तेच पान उघडून फिटते. नाव बदललं का, हे फॉलोच्या क्षणावरून कळतं. नाव बदललं तरी फॉलोची वेळ तीच राहते. म्हणून नव्याने दिसणाऱ्या ७२ नावांच्या वेळाही पाहायच्या. काकूंच्या त्या ७२ मध्ये ११ जणांच्या तारखा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या होत्या आणि गायब यादीतल्या ११ जणांशी सेकंदापर्यंत जुळत होत्या. ती जुनीच माणसं होती, कुणी लग्नानंतर आडनाव बदललं होतं, कुणी दुकानाचं नाव लावलं होतं.

विखुरलेल्या ८८ मध्येच ती ११ होती, म्हणून ती सगळी तपासली. उरलेल्यांपैकी ३८ खाती बंद होती आणि ३९ उघडत होती. या ३९ जणांनी काकूंना खरंच सोडलं होतं. अकरा दिवसांत एकोणचाळीस, म्हणजे दिवसाला तीन-चार. अकरा-बारा हजारांच्या पेजला एवढी गळती रोजचीच असते.

धंद्यावर काय परिणाम झाला तेही पाहिलं. स्टोरी सरासरी ६४० जण बघत होते, पडझडीनंतरच्या आठवड्यात ६३५. व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डर आधीच्या आठवड्यात ३४ होत्या, नंतरच्या आठवड्यात ३६. गेलेले अकराशे जण आधीही काही बघत नव्हते आणि काही मागवत नव्हते, त्यामुळे त्यांच्या जाण्याने काहीच हललं नाही. उलट एका मसाला कंपनीशी काकूंचं बोलणं चाललं होतं, तिथे फॉलोअर्सच्या मानाने लाइक किती हे विचारतात. साधारण ३०० लाइक ११,८४२ मध्ये अडीच टक्के होत होते, १०,७५१ मध्ये ते पावणेतीनच्या वर गेले. फक्त काकूंनी त्यांना पाठवलेल्या माहितीपत्रकात ‘जवळपास १२ हजार’ लिहिलं होतं, ते त्याच दिवशी बदलून पाठवलं आणि का बदललं तेही एका ओळीत कळवलं. कंपनीच्या माणसाने स्वतः पेज उघडून फरक पाहण्याआधी आपण सांगणं बरं.

आता तुमच्याकडे येते. तुमच्याकडे जुनी फाइल नसणार, त्यामुळे गेलेल्यांची नावं मिळणार नाहीत. तरी आजची फाइल काढाच, कारण राहिलेल्यांच्या तारखाही बोलतात. महिन्यानुसार किती जण उरले ते मोजा आणि तो मुलगा होता ते चार महिने वेगळे काढा. तो तुम्हाला दर महिन्याला वाढीचा आकडा किंवा स्क्रीनशॉट पाठवत होता का? व्हॉट्सअॅपच्या गप्पांत शोधा. समजा त्याने एका महिन्यात २,१०० वाढले असं कळवलं होतं आणि आजच्या फाइलमध्ये त्या महिन्याचे फक्त ९०० उरलेत, पण त्याच्या आधीच्या महिन्यांत अशी गळती नाही, तर खड्डा कुठे पडला ते तुम्हाला कळलं. उरलेल्यांच्या वेळाही बघा. दुकानाची माणसं सकाळी दहा ते रात्री अकरा अशी पसरून येतात. पहाटेच्या वेळी सेकंदांच्या अंतराने आलेला झुबका दिसला, तर त्यांतली अजून न पकडलेली खाती पुढच्या लाटेत जातील. सगळे महिने सारखेच झिजलेले दिसले, तर त्या मुलावर आळ घेऊ नका. मग तुमचं पेज फक्त लोकप्रिय विषयातलं असल्याने त्या खात्यांनी आडोशाला धरलं होतं. चोवीस हजारांच्या साड्यांच्या पेजवर ते अगदी शक्य आहे.

पेज दाबलंय का, हे वेगळं तपासायचं. सेटिंगमध्ये Account Status उघडा. तुमचं काही काढलं असेल किंवा तुमच्या पोस्ट नव्या लोकांना सुचवणं थांबवलं असेल तर तिथे लिहिलेलं असतं. मग गेल्या दोन आठवड्यांत फॉलोअर नसलेल्या किती जणांपर्यंत तुमच्या पोस्ट पोचल्या ते इन्साइट्समध्ये पाहा. पेज दाबलेलं असेल तर हा आकडा आपटतो आणि फॉलोअर्स मात्र जवळपास तेवढेच राहतात. तुमच्याकडे उलट झालंय, म्हणून मला तशी शक्यता कमी वाटते.

परत आणण्याचं म्हणाल, तर बंद झालेली खाती तुम्हाला परत आणता येत नाहीत. काही जण आपोआप परत येतात, कारण लाटेत थोडी खरी माणसंही अडकतात. त्यांनी ओळख पटवली, किंवा अपील केलं आणि ते मान्य झालं, की खातं जागं होतं. अपीलासाठी इन्स्टाग्राम १८० दिवस देतं. काकूंच्या पुढच्या महिन्याच्या फाइलमध्ये १,१६३ पैकी २६ नावं परत दिसली आणि सगळ्यांच्या फॉलोच्या तारखा जुन्याच होत्या. त्यातल्या दोघी त्यांच्या नेहमीच्या ग्राहक निघाल्या. म्हणून दुकानात कुणी ‘माझं खातं बंद झालं’ म्हणालं तर त्यांना नवं खातं काढायला न सांगता आधी अपील करायला सांगा.

येत्या काही दिवसांत तुम्हाला मेसेज येतील. ‘नॉन-ड्रॉप’ फॉलोअर्स देतो, तीस दिवसांची रिफिल गॅरंटी देतो, असं ते लोक सांगतील. ‘ड्रॉप’ म्हणजे तुमच्याकडे काल रात्री जे झालं तेच. आपला माल गळतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते भरून द्यायची हमी देतात, आणि तीही तीसच दिवसांची. काकूंची विकत आणलेली खाती वर्षभराहून जास्त काळाने गेली, तेव्हा त्या एजन्सीचा फोनही लागत नव्हता. दुसरा मेसेज इन्स्टाग्रामच्या नावाने येईल, फॉलोअर्स परत मिळवायला या दुव्यावर लॉगिन करा म्हणून. अशा दुव्यावर पासवर्ड टाकलात तर चौदाशेच्या जागी तेवीस हजार जातील, पेजसकट.

आज करायचं ते एवढंच. आजची फाइल काढून तारीख घालून ठेवा, त्या मुलाला दिलेला पासवर्ड बदललेला नसेल तर तो बदला, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला दुसरी फाइल काढा आणि आजच्या फाइलशी ताडून पाहा. नव्याने दिसणाऱ्या नावांत ज्यांच्या तारखा जुन्या आहेत, ती परत आलेली किंवा नाव बदललेली खरी माणसं. त्यांत तुमच्या वहीतल्या ग्राहकांची नावं आहेत का, ते दुकानात सगळ्यांनी मिळून बघा. माझ्यापेक्षा तुम्ही ती पटकन ओळखाल.